मान्यवरांच्या पायाखालची वाळू

शहराचा पाया जमिनीखाली असतो. हे वाक्य मी भूमिपूजनाच्या दिवशी मान्यवरांच्या तोंडून ऐकलं, तेव्हा तो पाया गालिच्याखाली होता.

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, लष्कर भागातल्या खासगी बाजार या पेठेत सांडपाण्याची प्लास्टिकची पाइपलाइन टाकायची होती. देखरेख माझी, शेवटची सहीही माझी. प्लास्टिकचा पाइप स्वतःच्या जोरावर ट्रकचं ओझं पेलत नाही. वरून भार आला की तो चपटा होऊन बाजूंना फुगू पाहतो. त्याला आवरते ती कुशीला ठासून भरलेली माती. म्हणून खाली वाळूची गादी, दोन्ही कुशींना वाळूचे थर ठोकत ठोकत, पाइपच्या वर फूटभर वाळू, मगच खणलेली माती. त्यासाठी सकाळीच वाळू आणि थर ठोकायचं मशीन आलं होतं.

दुपारी पाहतो तो वाळू शेजारच्या मोकळ्या आवारातल्या मांडवात. गाड्यांची चाकं रुतू नयेत, मान्यवरांचे बूट मळू नयेत म्हणून पसरलेली, वर मशीन फिरवून ठोकलेली, त्यावर गालिचा अंथरलेला. इतकं मन लावून केलेलं काम मी त्या ठेकेदाराकडून आधी पाहिलं नव्हतं. झेंडूची माळ घातलेला पहिला पाइप टाळ्यांच्या गजरात चरात उतरला. मला चहापानाला नेण्यात आलं. परतलो तेव्हा चर बुजलेला.

"कशानं भरलात?" मी ठेकेदाराच्या सुपरवायझरला विचारलं. आमच्यातलाच, पिढ्यान्‌पिढ्या इथे लष्कर भागात राहिलेला मराठा, पणजोबा संस्थानच्या तोफखान्यात.

"जे निघालं त्यानंच, साहेब. टेन्शन मत लो. याच रस्त्यानं आमच्या तोफा गेल्यात, रस्ता कुठे दबला?"

"तोफांच्या खाली पाइप नव्हता, सरदार."

"वरून रोलर फिरवलाय ना! दिसायला एकदम फर्स्टक्लास."

दिसायला होताच. मी म्हटलं, गोळा पार गेल्याशिवाय सही नाही. गोळा म्हणजे पाइपच्या आतल्या व्यासाहून जरासा बारीक दंडगोल. दोरीनं एका चेंबरातून दुसऱ्यात ओढायचा. पाइप फार चपटा झाला असेल तर तो अडकतो. वरून फोन आले. एकात माझ्या नकारात्मक वृत्तीबद्दल खेद होता.

महिनाभर ट्रक, टेम्पो धावल्यावर गोळा ओढला. अकरा पावलांवर अडकला. चौघांनी ओढला, तरी अडकला.

खणलं. पाइपच्या एका कुशीला जुन्या डांबराचं ढेकूळ, दुसरीला पोकळी, पाइप लंबगोल.

"पाइपच कच्चा निघाला," सुपरवायझर म्हणाला.

"आणि तुमच्या पणजोबांची तोफ?"

तो हसला. "चला साहेब, वाळू मागवतो."

या वेळी मी चहाला गेलो नाही. दोन्ही कुशींना सारखे थर पडले, पायानं आणि धुमसानं ठोकले गेले. पुन्हा महिनाभर वाहतूक झाल्यावर गोळा सरळ पार निघाला. मी सही केली.

मांडवाची जागा मात्र अजून तसूभर खचलेली नाही. तिथून वाहतूक नाही, आणि खाली पाइपही नाही.