बोटभर जागा

दुबईला यायच्या आधी एजंटाने विचारलं, "बेकरीचं काम येतं?" मी म्हणालो, "सात वर्षं केलंय." अगदीच खोटं नव्हतं. सात वर्षं मी आमच्या तालुक्यातल्या बेकरीचे पाव सायकलवरून घरोघरी टाकत होतो. भट्टीच्या खोलीत मात्र कधी डोकावलो नव्हतो. माझा संबंध तयार लाद्यांशी.

अल क्वोजच्या बेकरीत पंधरा दिवसांची ट्रायल होती. जमलं नाही तर परतीचं तिकीट. चौदा दिवस मी मैद्याची पोती वाहिली, ट्रे घासले आणि सगळ्यांना फुकट सल्ले दिले. पंधराव्या दिवशी आमच्या केरळी फोरमननी, म्हणजे उस्तादांनी, दुधात मळलेल्या मऊ पिठाचा गोळा माझ्यापुढे ठेवला. अल नहदातल्या एका शाकाहारी घरची ऑर्डर होती: चोवीस मिल्क रोल, अंड्याशिवाय.

"सात साल का एक्सपिरियन्स है ना? यल्ला, शुरू कर!"

मी तुकडे तोलले, लाडवासारखे वळले आणि डोळ्यांपुढे लादी आणली. लादीतले पाव कसे, एकमेकांना चिकटलेले! म्हणून मोठा ट्रे बाजूला सारून लहान घेतला आणि चोवीस गोळे घट्ट दाबून बसवले. पाऊण तासाने वर झाकलेलं फडकं काढलं, तर ट्रेमध्ये एक गादी फुगलेली. मधले रोल शोधूनही सापडेनात.

उस्तादांनी ट्रे पाहिला, मग मला पाहिलं.

"तूने पाव बनाया नहीं, बेचा है. जो बेचता है, वो चिपका हुआ ही देखता है."

"सायकल पे, उस्ताद," मी कबूल केलं.

माझ्या डोळ्यांपुढे तिकीट तरळलं. पण उस्तादांनी गादी गोळा करून दाबली, थोडी विसावू दिली आणि पुन्हा तुकडे केले. कडा ओढून खाली चिमटायच्या, चिमटलेली बाजू कोरड्या ओट्यावर ठेवायची आणि तळहाताची वाटी करून वरचा पापुद्रा ताणला जाईपर्यंत गोल फिरवायचं. त्यांनी दोन केले, बावीस मी. मोठ्या ट्रेमध्ये प्रत्येकाच्या चहूबाजूंनी बोटभर जागा. ओलसर फडक्याखाली ते फुगले, एकमेकांकडे सरकले आणि आपणहून खांद्याला खांदा लावून बसले.

आता तरी हुशारी दाखवावी म्हणून मी पटकन ब्रश उचलला. बाजूच्या बनपावांना अंडं लावायचा ब्रश! उस्तादांनी माझं मनगटच धरलं. "हबीबी, ऑर्डर किसकी है?" मग नवा ब्रश, दुधात चिमूटभर साखर, अलगद हात. भट्टीतून निघाल्यावर गरम असतानाच वर लोणी.

उस्तादांनी कोपऱ्यातला एक रोल जरा सुटा केला. बाजू पांढरीशुभ्र, तंतू तंतू सुटणारी. त्यांनी तो बोटाने दाबला, तो परत वर आला, तसा त्यांनी जागेवर ठेवून दिला.

"कल सुबह पाँच बजे आना," ते म्हणाले. "और किसीको सलाह मत देना."

पाचला गेलो. सल्ल्यांचं मात्र मला फार दिवस जमलं नाही.