तिसरं वाक्य

रिक्रूटर बाईंनी फोनवर बजावलं होतं, "मॅम, रेझ्युमे लगेच मेल करा. तुम्ही या जागेला योग्य का, ते तीन वाक्यांत लिहा. मॅनेजर मीटिंगला जायच्या आत मला प्रोफाइल पुढे पाठवायचंय."

वारज्याच्या घरी मी टाइप करत होते आणि बाबा मागे उभे होते. सरकारी कचेरीत जन्म गेलेला.

"'सविनय' कुठंय?"

"बाबा, सविनय तुमच्याबरोबरच रिटायर झालं."

पहिलं वाक्य झालं: पगाराच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग मी आठ वर्षं केलंय. दुसरं: तुम्हाला हवं ते ऑटोमेशन मी स्वतः उभं केलंय. तिसऱ्याला हात अडला. मधलं वर्ष रिकामं का, ते सांगणं भाग होतं.

"आईच्या आजारपणामुळे वर्षभर घरी होते, आता ती जबाबदारी उरलेली नाही," असं लिहिलं. "जबाबदारी?" बाबा मागून म्हणाले. आईला जाऊन फार दिवस झाले नव्हते. मी चिडून दुसरा अर्धा भाग खोडला आणि लिहिलं, "आता लगेच रुजू होऊ शकते." रेझ्युमे जोडला, उघडून पाहिला, मेल पाठवला.

लगेच उत्तर आलं: "लगेच जॉइनिंग? ग्रेट! हीच तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू."

"काय म्हणतात?" बाबांनी विचारलं.

मी लॅपटॉप मिटला. "तिसरं वाक्य आवडलं म्हणतात."