टिचकी

बाबा कलिंगड कापून दाखवायला सांगत नसत. विक्रेत्यानं सुरी उचलली की म्हणायचे, "रहने दो भैया, मुँह से बोलेगा ये." मी शेजारी पिशवी धरून उभी. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये सगळ्या मजल्यांवरच्या बायका बाबांच्या मागे लागायच्या, भाईसाहब, हमारा भी चुन दीजिए. त्यांचा ऑफिसातला हुद्दा किरकोळ होता, पण उन्हाळ्यात ठेल्यापाशी त्यांचा रुबाब बघण्यासारखा.

एकाच आकाराची दोन कलिंगडं ते दोन हातांवर तोलायचे आणि जड ते ठेवायचे. मग जमिनीला टेकलेला डाग बघायचे, पिवळा असला तर ठीक, पांढरा असला तर नाही. आणि शेवटी टिचकी. कच्चं टणटण करतं, पिकलेलं खोल घुमतं, उतरलेलं बद्द वाजतं. खरबूज आणि अननस मात्र नाकाचं काम. खरबुजाचं देठाच्या उलटं टोक हुंगायचं, अननसाचं बूड. वासच नसेल तर पिकलं नाही, आंबूस असेल तर वेळ गेली. हे सगळं ते मला सांगायचे आणि मी "हो हो" करायचे. माझं लक्ष कुल्फीवाल्याकडे असायचं.

ते निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही गाझियाबादला फ्लॅट घेतला. आई त्याआधीच गेली होती. मला नोएडात नव्या प्रायव्हेट कंपनीत नोकरी लागली होती, बाबांच्या शेवटच्या पगाराहून जास्त पगाराची, आणि ती गोष्ट माझ्या बोलण्याचालण्यात दिसत असणार. त्याच उन्हाळ्यात बाबांची कलिंगडं फसायला लागली. एक पांढरं, एक फिकट गुलाबी, मग पुन्हा पांढरं. मी म्हणायचे, इथला मालच खराब.

एका रविवारी माझ्या ऑफिसातली माणसं जेवायला आली. बाबांनी सकाळीच कलिंगड आणून थंड पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलं होतं. जेवण झाल्यावर स्वतः सुरी घेऊन बसले, वर म्हणाले, "बघा आता." आत काकडीसारखं पांढरं. कुणी हसलं नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांदेखत म्हणाले, "बाबा, आता नाही जमत तुम्हाला. यापुढे कापूनच घेत जा ना. बिल्कुल साधी गोष्ट आहे यार."

आपल्या वडिलांना मी 'यार' म्हणाले. ते "अच्छा" म्हणाले आणि ताट घेऊन आत गेले.

त्यानंतर घरात कलिंगड आलं नाही. खरबूज यायचं, अननस यायचा, दोन्ही न चुकता गोड. मला वाटलं, रुसले. हाक मारली तरी ओ देत नसत, फोन वाजला तर उचलत नसत. तेही मी रुसव्यातच धरलं आणि उलट आणखी चिडले. माझा स्वभावच तसा, चूक माझी असली की माझा आवाज चढतो.

पुढच्या वर्षी त्यांना चक्कर यायला लागली म्हणून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कानही तपासले. म्हणाले, ऐकू येणं बऱ्याच वर्षांपासून कमी होत गेलंय, आधी वरचे बारीक सूर जातात, जाड तेवढे उरतात. मी तिथल्या बाकावर बसून राहिले. म्हणजे कच्च्या कलिंगडाचं ते टणटण त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. त्यांच्या कानांना सगळीच कलिंगडं घुमत होती. आणि हे त्यांना त्या रविवारी, माझ्या तोंडून कळलं होतं. नाक शाबूत होतं, म्हणून खरबूज आणि अननस.

माफी मागावी असं रोज वाटायचं. ती कानाशी ओरडून कशी मागायची, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांच्या शेवटच्या मे महिन्यात ते अंथरुणावरच होते. एका दुपारी म्हणाले, "कलिंगड आण. ठोकून आण." मी उन्हात ठेल्यापाशी दहा-बारा कलिंगडांना टिचक्या मारल्या. सगळी मला सारखीच वाजली. माझे कान ठणठणीत होते, पण बाबा शिकवत असताना मी ऐकलंच नव्हतं. ठेलेवाला सुरी घेऊन म्हणाला, "काट के दिखा दूँ, मैडम?" मी नको म्हणाले. त्यातल्या त्यात जड वाटलं ते उचललं.

बाबांनी विचारलं, "आवाज कसा होता?"

"घुमत होता," मी मोठ्यानं सांगितलं.

त्यांच्यासमोर कापलं. पांढरं, मध्ये जेमतेम गुलाबी. मी ताट बाजूला सारायला लागले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. एक फोड घेतली, सावकाश चावून खाल्ली. मग दुसरी मागितली.

"गोड आहे," म्हणाले. "जमलं तुला."