भिंगरीचा नकार

आमच्या सरांना धंदा कळत नाही, हे मी त्यांच्या तोंडावर सांगते. कितीतरी वर्षं सांगतेय. इमारतीचे खांब किती जाड ठेवायचे, आत सळ्या किती घालायच्या, याचे नकाशे काढून देणारं आमचं छोटंसं ऑफिस. सर, ड्राफ्ट्समन आणि मी. फोन, बिलं, चहा आणि भांडणं सगळी माझ्याकडे, म्हणून ड्राफ्ट्समन मला फौजदार म्हणतो.

दरवर्षी सर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं एक पोर इंटर्नशिपला घेतात. इतर ठिकाणी अशा पोरांना झेरॉक्सच्या मशीनला चिकटवून बसवतात. सर मात्र स्वतःचं खिडकीजवळचं टेबल रिकामं करून देतात आणि आपण पाण्याच्या फिल्टरशेजारी जाऊन बसतात. "शिकणाऱ्याला उजेड लागतो," म्हणे. मग जो कोणी पाणी प्यायला येतो, तो सरांच्या कोपराला धक्का देऊन जातो.

यंदा भिंगरीला निवडलं होतं. नाव मीच ठेवलं, कारण मुलाखतीला आली तेव्हा एका जागी बसेल तर शपथ! उत्तरं मात्र खणखणीत दिली. सरांनी फोन करून विचारलं, ती "हो सर, येते" म्हणाली. पत्र अजून जायचं होतं, पण सर कसले थांबतात? त्याच संध्याकाळी टेबल पुसूनही झालं.

आणि चारच दिवसांत ही बया दारात उभी. तोंड एवढंसं झालेलं.

"सर, काल मला दुसरीकडून बोलावणं आलंय," ती म्हणाली. "जुने पूल तपासणाऱ्या लोकांकडून. माझा प्रोजेक्टच पुलांवर आहे. तिथेही अर्ज केला होता, पण ते मला घेतील असं वाटलंच नव्हतं. मला तिकडे जायचंय. पण तुम्हाला मी हो म्हटलंय."

माझा पाराच चढला. "अगं, मग हो कशाला म्हणालीस? ही काय भाजीची जुडी आहे, ही नको ती द्या म्हणायला?"

"त्यांना काय सांगितलंस?" सरांनी शांतपणे विचारलं.

"आधी ज्यांना शब्द दिलाय त्यांच्याशी बोलते, मग कळवते. उद्यापर्यंत मुदत दिलीय. तुमच्याकडचा होकार मी कॉलेजला कळवून बसलेय, आता तुम्ही सोडल्याशिवाय कॉलेज दुसरीकडे जाऊ देत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी इथेच येईन सर. मन लावून काम करीन."

हे म्हणताना तिची नजर त्या रिकाम्या टेबलाकडे गेली आणि डोळे भरून आले.

म्हणजे पोरीचं सगळं घोडं सरांच्या दोन ओळींवर अडलं होतं. मी सरांना डोळ्यांनी खुणावलं, ठेवा जरा टांगून, अद्दल घडू दे! सरांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ही त्यांची जुनी खोड.

"बरं झालं, स्वतः आलीस," सर म्हणाले. "आजी आजारी आहे असा मेल टाकला असतास, तर मी खराही मानला असता. आणि आज सांगितलंस म्हणून दुसऱ्या नंबरच्या मुलाला गाठता तरी येईल." बोलता बोलताच ते कॉलेजला मेल लिहायला लागले. विद्यार्थिनीने वेळेत आणि स्पष्ट कळवलं आहे, आमची हरकत नाही. खाली आणखी एक ओळ घातली, पुढच्या वर्षीही तुमचेच विद्यार्थी पाठवा.

"सर, तुमचे आभार कसे..."

"आभार राहू देत. तिथे काय शिकशील ते आम्हाला सांग. आमचा जन्म घरं काढण्यात गेला, आम्हाला पूल कोण दाखवणार?"

ती गेल्यावर मी विचारलं, "तुमचं टेबल परत लावू का?"

"कशाला? त्या मुलाला फोन लाव."

मुलगा आला, खिडकीजवळ बसला. गुणी निघाला, उगाच नावं कशाला ठेवा! सर फिल्टरशेजारी धक्के खात राहिले.

महिन्याभराने दुपारी फोन वाजला. "मावशी, मी पुलाखाली उभी आहे! स्पीकर लावा, सरांना बोलवा."

सर आले. फोनमधून हातोडीचा आवाज आला. ठण. ठण. ठण. मग एकदम, ठप.

"ऐकलंत सर? शेवटी वाजवलं ना, तिथलं काँक्रीट आतून सुटलंय. बाहेरून काही दिसत नाही, पण आता मला कानाने कळतं!"

सर फोनवर वाकले. डोळे मिटले. "पुन्हा वाजव," म्हणाले.

तिने पुन्हा वाजवलं. सरांच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं, की मलाच भरून आलं. मी त्या दिवशी हिला टांगून ठेवायला निघाले होते! देवाची कृपा, आमच्या सरांना धंदा कळत नाही.

"आणखी एकदा," सर म्हणाले. मग हळूच, "फार आभारी आहे गं, पोरी."