अंगठा पोचतो का?

आमच्या ऑफिसात तिला सगळे अंगठेबाई म्हणतात. कौतुकाने नव्हे, वैतागून. तिचं टेबल माझ्या शेजारीच. मी अ‍ॅपचा कोड लिहिते, ती त्यात खोट काढते. पगारच त्याचा घेते ना ती! पण काहींना वाटतं, तपासणाऱ्याने तपासावं आणि गप्प बसावं. गप्प बसणं बाईच्या रक्तातच नाही, आणि मला विचाराल तर तेच बरं आहे.

काम होतं घरी एकट्या असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या अ‍ॅपचं. स्क्रीनच्या तळाशी पट्टी, पट्टीत पाच चिन्हं, प्रत्येकाखाली नाव. लाल 'मदत' अगदी डाव्या कोपऱ्यात, कारण डिझायनरच्या मते महत्त्वाचं ते आधी. ते दाबलं की घरच्यांना फोन जातो. सगळ्यांनी पाहिलं, छान म्हटलं. पाहिलं कसं? फोन टेबलावर ठेवून, तर्जनीने टकटक करत!

बाईने चाचणीची आवृत्ती सासऱ्यांच्या मोठ्या फोनवर टाकली. सासरे डाव्या हातात काठी आणि उजव्यात फोन घेऊन चालतात. एका दुपारी बाथरूमच्या दारात त्यांचा गुडघा लटपटला. अंगठा काही 'मदत'पर्यंत जाईना. म्हणून काठी सोडून दुसऱ्या हाताने दाबायला गेले आणि दाणकन खाली बसले. हाड वाचलं, पण धीर सुटला. सून कामावर असली की खुर्चीतून उठेनात. पाणीसुद्धा घोट घोट पिऊ लागले, का, तर उठावं लागू नये. हे सांगताना बाईचा आवाज चढला आणि डोळे भरून आले.

"मी याला मंजुरी देणार नाही," तिने मीटिंगमध्ये जाहीर केलं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अगं, उद्या बाहेर काढायचंय! आणि नकाशा आहे ना आपल्याकडे."

डिझायनरने लगेच नकाशा भिंतीवर दाखवला. अंगठा सहज पोचतो तो भाग हिरवा, ताणून पोचतो तो पिवळा, पोचत नाही तो लाल. 'मदत' हिरव्यात होती.

"हा नकाशा कुठल्या फोनचा?" बाईने विचारलं.

"जुन्या, लहान फोनचा. मी तो मोठ्या स्क्रीनएवढा ताणून घेतला."

"वा रे वा! फोन वाढला म्हणून अंगठा वाढतो होय रे?"

मला हसू आवरेना. साहेब मात्र चिडले. त्यांनी मोठा फोन उजव्या हातात घेतला आणि 'मदत' दाबून दाखवली. "हे बघ. पोचला!"

"पोचला नाही, सर. तुम्ही फोन तळहातात सरकवलात. न सरकवता कसा पोचेल? मोठा फोन एका हातात पेलायचा तर करंगळीचा टेकू खाली, बोटं मागे. ती पकड सैल केली की फोन हातात राहत नाही. काठीवर भार टाकून उभं असताना ती कशी सैल करायची?"

बाई तरातरा बाहेर गेली ती स्वागतकक्षातलं शिक्क्याचं शाईपॅड घेऊनच आली. फोनवर पारदर्शक कागद चिकटवला. साहेबांना उभं केलं, त्यांचा अंगठा शाईत टेकवला, डाव्या हातात कुणाची तरी लांब छत्री दिली. "आता हिच्यावर भार टाका. पकड हलवायची नाही. अंगठा जाईल तिथवर फिरवा."

साहेबांनी फिरवला. कागदावर निळी कमान उमटली आणि 'मदत'च्या बरीच अलीकडे थांबली. उजवा कोपरा जवळचा, पण तिथे अंगठा आत दुमडावा लागत होता, आणि तो आखडला. मग डाव्या हाताने तसंच केलं, तर कमान उलटी आली. दोन्ही कमानी एकमेकींवर आल्या त्या मधल्या भागात, काठापासून जराशा वर.

"तिथे ठेवा," बाई म्हणाली. "अगदी तळाला नको, तिथे बोट घसरलं की अ‍ॅपच बंद होतं. आणि पाच चिन्हांची तीन करा. अक्षरं मोठी केली की या गर्दीत 'मदत'मधला 'त' दिसत नाही!"

"आणि मी ऐकलं नाही तर?"

"तर तुम्ही मंजुरी द्या, माझं नाव घालू नका. आणि माझ्या सासऱ्यांना येऊन सांगा, की अंगठा ताणा."

साहेब निळ्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग डिझायनरला म्हणाले, "मधे घे. उद्याचं राहू दे."

बदललेली आवृत्ती बाईने सासऱ्यांच्या फोनवर टाकली. परवा आम्ही ऑफिसात जेवत होतो, बाईचा फोन वाजला. अ‍ॅपमधून, 'मदत'. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

"बाबा! काय झालं?"

"काही नाही गं," पलीकडून ठणठणीत आवाज आला. "बाथरूमला निघालोय, काठी हातात आहे. म्हटलं, पोचतो का बघावं."

"पोचला ना?"

"पोचला. ठेव आता, पाणी प्यायचंय मला."