नाव दुरुस्त झालं

आईची निराधार पेन्शन बंद झाली तेव्हा वडगावच्या तहसील कचेरीतल्या माणसानं मान वर न करताच सांगितलं, "बँकेतलं नाव आधारशी जुळत नाही. बँकेत जाऊन दुरुस्त करून आणा." पासबुक उघडून बघितलं. आईच्या नावातलं इंग्रजी अक्षर एक गळालं होतं. गावात देवळात कॅम्प लावून खाती उघडली, त्या दिवशी कुणा पोरानं घाईघाईत टाइप केलेलं ते नाव. चूक त्याची, पेन्शन आईची बंद. वडील गेल्यापासून तिच्या स्वतःच्या म्हणाव्या अशा पैशांत तेवढेच पैसे होते. माझ्याकडून आणि भावाकडून औषधालासुद्धा मागायचं तिच्या जिवावर येतं.

मी लोणावळ्यात एका हॉटेलच्या हिशेबाला आहे, अर्ज लिहिण्यात माझा हात बसलेला. रजा टाकून गावी आले आणि पडवीत बसून अर्ज लिहिला. प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय, खात्यातील नावाच्या स्पेलिंगची दुरुस्ती. खाते क्रमांक, चुकीचं नाव, बरोबर नाव, सोबत आधार आणि पासबुकाच्या प्रती. खाली "आपली विश्वासू" लिहून कागद आईपुढे सरकवला.

आईनं हात धुतले, पदराला पुसले आणि सही केली. पूर्ण नाव, माझ्या वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं, वरची रेघ शेवटी ओढून. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी गावातल्या मास्तरांनी बायकांचा साक्षरता वर्ग काढला होता, तिथं ती शिकली. भाकऱ्या थापून झाल्या की परातीतल्या पिठात बोटानं नाव गिरवायची, हे मी लहानपणी पाहिलेलं आहे. आधारच्या प्रतीवर आणि पासबुकाच्या प्रतीवरही तिनं तशीच सही केली. मी म्हटलं, आई, छापील अक्षरांपेक्षा छान आलीय. ती हसली आणि कागद जपून पिशवीत घातले.

बँकेत नेहमीचीच गर्दी. कंपनीत कामाला आलेली परगावची पोरं, जमिनी विकलेले शेतकरी, आणि पंख्याखाली जागा धरून बसलेले म्हातारे. आमचा नंबर आला. खिडकीतल्या साहेबांनी अर्ज वाचला, आधार बघितलं, मूळ आधारशी ताडून बघितलं. सगळं ठीक होतं. मग संगणकावर आईचं खातं उघडलं आणि त्यांनी अर्ज परत आमच्यापुढे टाकला.

"ही सही चालणार नाही. इथं अंगठा आहे."

"पण तिला सही येते," मी म्हटलं.

"येत असेल. आमच्याकडं खातं अंगठ्यावर आहे. निरक्षर लागलंय." त्यांनी पडदा आमच्याकडं वळवला. तिथं आईचा फोटो होता, त्याखाली निळा अंगठा, आणि शेजारी मराठीत तो शब्द. आईला वाचता येतं. तिनं तो वाचला.

मी आईकडं वळले. कॅम्पच्या दिवशी तू अंगठा का दिलास, असं मी तिथंच, सगळ्यांसमोर विचारलं. तिडीक गेली होती डोक्यात. आई खाली बघत हळू आवाजात म्हणाली, "आगं, माझ्या म्होरं थोरल्या बाई व्हत्या. त्यांनी आंगठा दिला. त्यांच्या मागनं मी सही केली आसती तर त्यांना काय वाटलं आसतं?"

थोरल्या बाई म्हणजे आईच्या थोरल्या जाऊबाई. जेवायला त्यांच्या पाटानंतर आईचा पाट, त्यांनी ओटी भरल्यावर आईनं भरायची, त्या उठल्याशिवाय आईनं पंगतीतून उठायचं नाही. सारं आयुष्य असंच. साक्षरतेच्या वर्गाला थोरल्या बाई आल्या नाहीत, म्हणून आईनंही घरात कधी पेपर उघडून वाचला नाही. त्यांच्यासमोर पेन हातात धरणं म्हणजे आईच्या लेखी त्यांचा अपमान. मला हे कळतं. बँकेला कशाला कळेल? शाईचं पॅड घेऊन बसलेल्या माणसानं आईला विचारलंही नव्हतं. नऊवारीतली बाई दिसली की हात धरायचा आणि अंगठा दाबायचा, ही त्यांची पद्धत.

मी साहेबांना म्हटलं, तिला तुमच्यासमोर सही करू द्या. त्यांनी नको म्हटलं नाही, कोरा कागद दिला. आईनं उभ्या उभ्या, खिडकीच्या लाकडावर कागद ठेवून सही केली. मागच्या रांगेतली माणसं वाकून बघत होती. नाव पूर्ण आलं. साहेबांनी बघितलं. "चांगली आहे की," असं म्हणाले, आणि ढिम्म हलले नाहीत. अंगठ्यावरून सहीवर यायचं तर त्याचा वेगळा अर्ज, नवा फोटो, नव्या सहीचा नमुना, वर मॅनेजरची मंजुरी, आणि मॅनेजर रजेवर. तोवर नावाची दुरुस्ती थांबणार. दुरुस्ती थांबली की पेन्शन थांबलेलीच. आजच्या आज करायचं असेल तर अंगठा द्या, आणि साक्षीला शाखेतला एक खातेदार आणा.

"मंग आंगठाच घ्या साहेब," आई म्हणाली.

मी तिला थांबवायला हवं होतं की नव्हतं, ते मला आजही ठरवता येत नाही. साक्षीला रांगेतला आमच्या वाडीचाच एक माणूस पुढे आला. त्यानं मोबाइलवर बोलता बोलता कागदावर एक वळवळती रेघ ओढली. त्यात एक अक्षर वाचता येईल तर शपथ. ती चालली. आई आपल्या अंगठ्याची मालकीण आहे, हे त्या रेघेनं सिद्ध झालं.

मग साहेबांनी लाल पेन घेतलं आणि अर्जावरची आईची सही खोडली. आधारच्या प्रतीवरची खोडली, पासबुकाच्या प्रतीवरची खोडली. "गोंधळ नको," ते म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. आवाजही चढवला नाही. आईचा अंगठा स्वतः धरून पॅडवर टेकवला, आणि शाई पुसायला कापडही दिलं.

काही दिवसांनी नवं पासबुक मिळालं, नाव बिनचूक. पेन्शनही सुरू झाली. भाऊ म्हणाला, झालं ना काम, आता कशाला कुढतेस? मी सहीच्या बदलाचा अर्ज लिहून ठेवला होता, तो आईला दाखवला. तिनं हातात घेतला नाही. "ऱ्हाऊ दे. पुन्हा तितं उभं ऱ्हायला नको," म्हणाली.

परवा ग्रामपंचायतीचा शिपाई नळजोडणीच्या कागदावर घरोघर सह्या घेत आला. मी घरातच होते. त्यानं आईपुढे पेन धरलं. आईनं ते घेतलं नाही, अंगठा पुढे केला.

"शाई न्हाई आणली मावशी. सही करा की, तुमाला येती ना?"

"न्हाई येत," आई म्हणाली.

मी ओरडले तिच्यावर. ती उठून न्हाणीकडं गेली, पाणी तापवायच्या हंड्याच्या बुडावर अंगठा घासला, आणि काजळीनं काळा झालेला अंगठा तिनं त्या कागदावर, दाखवलेल्या चौकटीत, नीट दाबून उमटवला.