भिंतीवरचा माझा दाखला

राजूरच्या त्या मेडिकलमध्ये दुकान शेठचं होतं आणि फार्मासिस्ट मी. काउंटरमागच्या भिंतीवर माझ्या नोंदणीचा दाखला फोटोसकट लावलेला. त्याच्याशिवाय दुकानाचं लायसन चालत नाही, हे शेठला पाठ होतं. फार्मासिस्ट हजर नसताना औषध द्यायचं नसतं, हे मात्र ते सोयीने विसरत.

भावाच्या लग्नासाठी आठवडाभर गावी गेले होते. परत आले तेव्हा झोपेच्या गोळ्यांच्या बारा पट्ट्या कमी. ह्या गोळ्यांची नोंद वेगळ्या रजिस्टरात करावी लागते: कोणत्या डॉक्टरची चिठ्ठी, डॉक्टरचा पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. खरेदीच्या बिलात पट्ट्या होत्या, कपाटात नव्हत्या, आणि रजिस्टर मी गेले त्या दिवसापासून कोरं.

दुपारी शेठ घाईघाईने आले. "मॅडम, भोकरदनला तपासणी चालू हाय. उद्या इकडं येतेल. जल्दी रजिस्टर भरून टाका."

"चिठ्ठ्या द्या."

"चिठ्ठ्या न्हाई. नावं टाका. सगळेच असं करून राह्यलेत. तुमच्या आईचं टाका एक, त्या कुठं येणार हायेत विचारायला?"

माझं डोकंच फिरलं. आईने आयुष्यात झोपेची गोळी घेतलेली नाही. दिवसभर शेतात राबणारी बाई, अंग टाकलं की झोपते. आणि हा माणूस तिला माझ्याच अक्षरात पेशंट करणार! पकडले गेले तर नोंदणी माझी रद्द होणार, त्यांची नाही. चार वर्षं घरच्यांनी पोटाला चिमटा काढून मला शिकवलं, ते ह्याच्यासाठी?

मी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, "बारा पट्ट्या चिठ्ठीशिवाय विकल्या गेल्या. त्या दिवसांत मी रजेवर होते." खाली तारीख, खाली सही.

शेठ पांढरेफटक पडले. "हे काय करून ठेवलं? पान फाडा ते!"

"पानांना नंबर आहेत, शेठ."

दुसऱ्या दिवशी निरीक्षक आले. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, बिलं ताडून पाहिली, मला चार प्रश्न विचारले आणि अहवालात सगळं उतरवलं. शेठला नोटीस येणार, हे तिथंच ठरलं. माझीही चौकशी होणार होती. होऊ दे म्हटलं.

ते गेल्यावर मी राजीनामा लिहिला, त्याची एक प्रत जालन्याच्या औषध कार्यालयासाठी पिशवीत ठेवली, आणि स्टूलवर चढून दाखला उतरवला.

शेठ आडवे आले. आवाज एकदम मऊ. "मॅडम, दुसरं कोणी मिळंपर्यंत तो फोटो तरी राहू द्या भिंतीवर."

"त्यात मी आहे, शेठ. मी नसताना तुम्ही काय विकता, ते बघितलं मी."

ओढणीत दाखला गुंडाळला आणि भोकरदनच्या जीपमध्ये मांडीवर घेऊन बसले. मागे शेठ शटर ओढत होते.